पितृत्व रजेचा मेसेज मॅनेजरला कसा लिहू? तारीखच नक्की नाही

कोरी_पाटी

मंडळी, जरा मदत हवी आहे. नोव्हेंबरात आमच्याकडे पहिलं बाळ येणार आहे. डॉक्टरांनी तारीख दिलीय १८ नोव्हेंबर, मंगळवार. कंपनीच्या पॉलिसीत पितृत्व रजा आहे, कामाचे १० दिवस. जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत घ्यायची, दोन तुकड्यांत घेतली तरी चालते. म्हणजे रजा मिळेल की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न मेसेजचा आहे.

मी अकाउंट्समध्ये आहे. दर गुरुवारी पुरवठादारांची पेमेंट जातात. फाइल मी बँकेच्या पोर्टलवर चढवतो आणि सर मंजूर करतात. महिनाअखेरीला बँकेचा मेळ असतो. सर माणूस चांगला, पण घाबरट. काल रात्री हे लिहिलं आणि अजून पाठवलेलं नाही:

"आदरणीय सर, माझी पत्नी गरोदर असून डॉक्टरांनी १८ नोव्हेंबर ही तारीख दिली आहे. तरी मला १८ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या कालावधीत रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती. रजेच्या काळात मी फोनवर सदैव उपलब्ध असेन. कामाची काळजी नसावी. आपला विश्वासू."

बायको म्हणते हा शाळेत दांडी मारल्याचा अर्ज वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

शेवटचा_बाक

बाळाला १८ तारखेचं कॅलेंडर इन्व्हाइट पाठवलंत का? 'अॅक्सेप्ट' आलं की मग सरांना मेसेज करा.

दोनदा_बाबा

अभिनंदन! शेवटचा_बाक यांनी चेष्टेत म्हटलंय, पण खरी गोम तिथेच आहे. दिलेल्या तारखेला जन्मणारी बाळं साधारण विसात एक. माझं पहिलं १७ दिवस आधी आलं, दुसरं ६ दिवस उशिरा. पहिल्या वेळी मी तुमच्यासारखंच 'अमुक ते अमुक' लिहून मोकळा झालो होतो. बाळ आलं तेव्हा माझी मंजूर रजा सुरू व्हायला अडीच आठवडे होते. मॅनेजर म्हणाला, रजा तर पुढच्या महिन्यात आहे ना? पोर्टलवर बदल करायचा तर आधी मंजूर झालेली रद्द करा, ती रद्द झाल्याची मंजुरी घ्या आणि नवीन टाका. हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून हे उद्योग केले. तोवर पहिले दोन दिवस माझ्या साध्या रजेतून गेले ते गेलेच.

म्हणून दुसऱ्या वेळी तारीख न लिहिता घटना लिहिली. "हॉस्पिटलात दाखल होऊ त्या दिवसापासून कामाचे इतके दिवस." आणि सोबत एक पट्टा दिला. ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ कधीही येऊ शकतं, आणि ४२ च्या पुढे डॉक्टर सहसा जाऊ देत नाहीत. दिलेली तारीख म्हणजे पूर्ण ४० आठवडे. तेव्हा तुमचा पट्टा होतो २८ ऑक्टोबर ते २ डिसेंबर. सरांना १८ तारीख सांगितलीत तर ते १७ ला निर्धास्त असतील. २८ ऑक्टोबर सांगितलीत तर हॅंडओव्हर त्याआधी व्हावा म्हणून तेच तुमच्या मागे लागतील.

गणिताचा_सर

दोनदा_बाबांशी सहमत. फक्त एक सांगतो, पाळीवरून काढलेल्या तारखेवर विसंबू नका, सोनोग्राफीची तारीख धरा. त्यातही शेवटच्या सोनोग्राफीत जी येते ती सगळ्यात अचूक, कारण तेव्हा बाळ पूर्ण वाढलेलं असतं. ती आठव्या-नवव्या महिन्यात मिळेल. तोपर्यंत मेसेज पाठवूच नका.

पाळीवाली_ताई

सर, पहिला अर्धा भाग बरोबर, दुसरा बरोबर उलटा. मी प्रसूती विभागात नर्स आहे. सगळ्यात भरवशाची तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची. त्या वयात सगळ्या बाळांची लांबी जवळपास सारखीच वाढते, त्यामुळे मापावरून वय काढता येतं. नंतर कोणी थोराड असतं, कोणी बारीक. शेवटच्या सोनोग्राफीतल्या मापावर मशीन जी तारीख छापतं ती दोन-तीन आठवडेसुद्धा इकडेतिकडे असू शकते. ती बघून आमच्याकडे कितीतरी बाबा घाबरून रजेच्या तारखा बदलतात. डॉक्टरांनी सुरुवातीला फाइलवर लिहिलेली तारीख तीच धरायची.

(आणि हो, 'पाळी' म्हणजे ड्यूटीची पाळी. नावावरून आधीच पुरेसे विनोद झालेत.)

गणिताचा_सर

शब्द मागे घेतो. माझ्या वेळी शेवटची बरोबर आली होती, त्यावरून नियम करून बसलो.

घरची_आघाडी

माझ्या मते आधी पत्नीच्या ऑफिसात लेखी कळवा. प्रसूती रजा कधीपासून घ्यायची ते डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर लिहून घ्या आणि शेवटच्या महिन्यात घरून काम मिळतं का तेही विचारा. माझ्या वहिनीला मिळालं होतं.

शेवटचा_बाक

घरची_आघाडी, रजा बाबाला हवी आहे हो. आईची कधीच मंजूर झाली असेल.

घरची_आघाडी

अरेच्चा. शीर्षकातलं 'पितृत्व' मी 'मातृत्व' वाचलं. सवय!

खुर्चीवरून

मी पलीकडच्या बाजूचा, बारा जणांच्या टीमचा मॅनेजर. मूळ मेसेज मॅनेजरच्या डोळ्यांनी कसा दिसतो ते सांगतो.

'कामाची काळजी नसावी' वाचलं की मला तिथूनच काळजी सुरू होते. ज्याने काम लावून दिलंय तो हे वाक्य लिहीत नाही, तो काय लावून दिलंय ते लिहितो. तुमच्या सरांना रजेच्या तारखांशी फारसं देणंघेणं नसणार. त्यांच्या डोक्यात एकच चित्र येणार: गुरुवारी सकाळी अकरा वाजता फाइल चढलेली नाही आणि पुरवठादार फोन करतोय. मेसेजमध्ये त्या गुरुवारचं उत्तर असलं पाहिजे. फाइल कोण चढवणार, त्या व्यक्तीने ती आधी कधी चढवली आहे का, अडली तर कोणाला विचारणार. बाकी मजकूर दोन ओळींत उरकला तरी चालेल.

'फोनवर सदैव उपलब्ध' हे तर काढूनच टाका. ते खरं नसतं, आणि खरं करायला गेलं की वाईट होतं. माझ्या टीममधल्या एकाने असंच लिहिलं होतं. मीही मूर्खासारखा एका आकड्याविषयी विचारायला फोन केला. मागे बाळ रडत होतं, हा कुजबुजत सांगत होता आणि आकडा चुकीचा सांगितला. तो निस्तरायला मला दोन दिवस लागले. न विचारता थांबलो असतो तर एकच दिवस लागला असता.

सरळसोट

माझं मत याहून कडक आहे. रजा म्हणजे रजा. फोन बंद, मेल बंद, संपर्काचा विषयच मेसेजमध्ये काढायचा नाही. एकदा 'गरज पडली तर' लिहिलंत की गरज पडतेच.

दोनदा_बाबा

सरळसोट, तत्त्व म्हणून मान्य. पण काहीच लिहिलं नाही तर लोक आपापल्या सोयीने अर्थ लावतात. मी पहिल्या वेळी संपर्काबद्दल चकार शब्द लिहिला नव्हता. सात दिवसांत नऊ जणांचे फोन आले, आणि प्रत्येकाची सुरुवात 'फक्त दोन मिनिटं'.

दुसऱ्या वेळी लिहिलं, की सगळं एका सहकाऱ्याकडे जाईल, मला फक्त तोच विचारेल, तेही दिवसातून एकदा मेसेजवर. फोन कोणत्या एका कारणासाठी करायचा तेही लिहिलं. एकही फोन आला नाही. आपला प्रश्न त्या कारणात बसत नाही हे लोकांना स्वतःलाच कळत होतं.

सरळसोट

नऊ आणि शून्य. बरं, तुमचा मुद्दा घेतला. मी तरी फोन बंदच ठेवेन.

चष्मिष

कोरी_पाटी, तुमचं 'फाइल मी बँकेच्या पोर्टलवर चढवतो' हे वाक्य वाचून पोटात गोळा आला. मीही त्याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा हॅंडओव्हर कागदावर एक नंबर होता. नऊ पानी, स्क्रीनशॉटसकट, रंगीत बाण काढलेले. सहकाऱ्याला दोनदा समजावलं, त्याने मान डोलावली. बायकोला सकाळी दाखल केलं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. "सगळं नीट झालंय, फक्त ओटीपी सांग."

ओटीपी माझ्या मोबाइलवर येणार होता, कारण पोर्टलवर नोंदवलेला नंबर माझा. नऊ पानांत ही गोष्ट कुठेच नव्हती. असणार कशी? इतकी वर्षं फोन उचलायचा, सहा आकडे टाकायचे, पुढे जायचं. ती पायरी आहे हेच माझ्या लक्षात नव्हतं. त्यात लेबर रूम तळमजल्यावर, रेंज नाही. ओटीपीची मुदत तीन मिनिटं. मी जिन्यावरून वर यायचो तोवर तो मेलेला. तीन वेळा वर-खाली केलं. तिसऱ्या चुकीनंतर लॉगिनच लॉक. चौथ्यांदा खाली गेलो तर दाराशी सिस्टर उभ्या, म्हणाल्या, "कुठे होतात? झाली मुलगी."

पेमेंट दुसऱ्या दिवशी गेली. कोणाचंही काही अडलं नाही.

पाळीवाली_ताई

चष्मिष, अशा सिस्टर मी स्वतः पुष्कळदा झाले आहे. आम्हाला पण बरं वाटत नाही हो सांगताना.

खुर्चीवरून

यात आणखी एक गोष्ट. रेंज असती आणि ओटीपी सांगितला असता तरी ते चूकच. तुमच्या लॉगिनने, तुमच्या ओटीपीने दुसऱ्याने फाइल चढवली तर नोंदीत नाव तुमचं राहतं. ऑडिटरने उद्या विचारलं, अमुक तारखेला तुम्ही हॉस्पिटलात होता, मग ही फाइल कोणी चढवली? चढवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, हे दोन टप्पे ज्यासाठी ठेवलेत त्यालाच अर्थ उरत नाही. पासवर्डची चिठ्ठी देणं हा हॅंडओव्हर नव्हे. बदली माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाचं लॉगिन हवं, त्याच्या स्वतःच्या नंबरावर.

आणि हे आजच सुरू करा. आमच्याकडे बँकेत नवीन वापरकर्ता जोडायला सह्यांचं पत्र, मग बँकेची पडताळणी, मग पहिला पासवर्ड, असं करत अकरा कामाचे दिवस गेले होते. ऑक्टोबरच्या शेवटी आठवण झाली तर उशीर झालेला असेल.

कोरी_पाटी

बाप रे. मी आत्ता तपासलं. नोंदवलेला नंबर माझाच आहे. आणि सर मंजुरी देताना त्यांना जो मेल जातो तो माझ्या मेलवरून फॉरवर्ड होतो, असा नियम मीच दोन वर्षांपूर्वी लावला होता. तो मी विसरलोच होतो.

असं आणखी काय काय लपलं असेल? कसं शोधू?

चष्मिष

आठवून सापडत नाही, मी केलाय प्रयत्न. एकच उपाय, रंगीत तालीम. रजेच्या आधी निदान दोन गुरुवार सगळं काम बदली माणसाने करायचं. तुम्ही शेजारी बसायचं, पण तोंड बंद. आणि तुमचा फोन व लॅपटॉप दोन्ही बंद करून ड्रॉवरमध्ये. फोन चालू ठेवलात तर ओटीपी येणार, हात आपोआप पुढे जाणार आणि तुम्हाला कळणारही नाही. जिथे तो माणूस तुमच्याकडे वळून बघेल ती जागा लिहून ठेवा. हॅंडओव्हर म्हणजे तेवढ्याच जागा. बाकी पानं वाचायला कोणाला वेळ नसतो.

दुसरी तालीम कशाला, तर पहिलीत जे दुरुस्त केलं ते खरंच झालंय का बघायला.

आडवाटेने

थोडं अवांतर. आम्ही मूल दत्तक घेतलं. तिथे अंदाजे तारीखसुद्धा नसते. संस्थेचा फोन येतो आणि काही दिवसांत जायचं असतं. मी मॅनेजरला आठ महिने आधी सांगून ठेवलं होतं, "कधी ते माहीत नाही, पण फोन आला की पाच दिवसांत निघेन." ती पाच दिवसांची सूचना डोक्यात ठेवून सगळं काम लावलं होतं. वरचं वाचताना जाणवलं, जन्माची तारीख असणाऱ्यांनाही तारीख 'माहीत आहे' असं नुसतं वाटतं.

पॉलिसीत दत्तक घेणाऱ्या बाबाला रजा लागू आहे का ते आधी बघा. आमच्याकडे कलम होतं, पण पोर्टलवर पर्यायच नव्हता. शेवटी 'इतर' मध्ये टाकली.

दप्तरदिरंगाई

पॉलिसी वाचताना दिवस कसे मोजतात तेही बघावं. मी केंद्र सरकारी नोकरीत. आमची रजा १५ दिवस, शनिवार-रविवार धरून, आणि जन्माआधी १५ दिवसांपासून जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत घेता येते. नाही घेतली तर बुडते. माझ्या एका मित्राच्या कंपनीत १० दिवस, पण कामाचे. आम्ही दोघं एकमेकांना नशीबवान समजत होतो. हिशोब केला तर फरक एका दिवसाचा निघाला.

पाळीवाली_ताई

तुकड्यांच्या मुद्द्यावर बोलते. कोरी_पाटींना दोन तुकडे करता येतात तर जरूर करावेत असं माझं मत. साध्या प्रसूतीत एक-दोन दिवसांत घरी सोडतात, सिझेरियन असेल तर तीन-चार दिवस. पण खरी धावपळ घरी गेल्यावर. नवजात बाळांची कावीळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी वाढते, वजनही आधी थोडं उतरतं, म्हणून त्या सुमारास दाखवायला बोलावतात. पहिला आठवडा बाबा हवाच. पुढे मदतीला आलेली माणसं महिन्याभराने आपापल्या घरी जातात, तेव्हा आई एकदम एकटी पडते. त्या वेळी बाबाची सगळी रजा संपलेली असते, हे मी फार ऐकते.

मेसेजमध्ये एक ओळ हवीच: बाळाला किंवा आईला हॉस्पिटलात जास्त दिवस राहावं लागलं तर दोन्ही तुकडे सलग घेईन. ही ओळ आधी लिहिलेली बरी. ती वेळ आली तर तेव्हा लिहायचं बळ नसतं.

सरळसोट

तब्येतीचे तपशील मात्र मॅनेजरला कशाला? सिझेरियन की साधी, हे ऑफिसला कळायची काय गरज?

पाळीवाली_ताई

बरोबर. 'हॉस्पिटलातला मुक्काम लांबला तर' एवढंच पुरे. कारण लिहायचं नाही.

कोरी_पाटी

तीन आठवड्यांनी परत आलोय. दरम्यान सरांशी आधी तोंडी बोललो. पहिला प्रश्न आला तो 'गुरुवारचं काय?' खुर्चीवरून, तुम्हाला दंडवत. सहकारी मीनल (नाव बदललंय) तयार झाली, तिच्या लॉगिनचा अर्ज बँकेत गेलाय. आता हे लिहिलंय, चिरफाड करा:

"सर, परवा बोललो त्याप्रमाणे लिहून देतो.

रजा: डॉक्टरांची तारीख १८ नोव्हेंबर, पण २८ ऑक्टोबर ते २ डिसेंबर यांत कधीही. एकूण कामाचे १० दिवस. पहिले ५, हॉस्पिटलात दाखल होऊ त्या दिवसापासून. उरलेले ५ साधारण महिन्याभराने, नेमक्या तारखा दोन आठवडे आधी सांगेन. १८ तारखेलाच दाखल झालो तर पहिला तुकडा १८ ते २४ आणि २५ ला मी कामावर. पोर्टलवर सध्या हेच दिवस टाकतो, नंतर बदलेन. हॉस्पिटलातला मुक्काम लांबला तर दहाही दिवस सलग घेईन.

काम: गुरुवारची पेमेंट मीनल स्वतःच्या लॉगिनने चढवेल, मंजुरी नेहमीप्रमाणे तुमची. १६ आणि २३ ऑक्टोबरचे दोन्ही गुरुवार ती एकटीने करेल, मी फक्त बघेन. २७ ऑक्टोबरपासून मी कुठल्याही दिवशी नसलो तरी चालेल. महिनाअखेरचा मेळ मी नसेन तर तीच करेल. जुन्या थकबाकीचा पत्रव्यवहार मी परत येईपर्यंत थांबेल, त्यात तातडीचं काही नाही.

संपर्क: दाखल झालो की तुम्हाला आणि मीनलला एका ओळीचा मेसेज करेन. पुढचे तीन दिवस संपर्कात नसेन. त्यानंतर मीनल संध्याकाळी सहाला एक मेसेज पाठवू शकते, उत्तर त्याच दिवशी देईन. फोन एकाच कारणासाठी: पेमेंट बँकेतून परत आलं आणि कारण कळत नसेल तर.

यात काही बदल हवा असेल तर या शुक्रवारपर्यंत सांगाल का?"

खुर्चीवरून

मी लगेच मंजूर केली असती. 'थांबेल' म्हणून जे लिहिलंय ते मला सगळ्यात आवडलं. बहुतेक जण सगळंच कोणाच्या तरी गळ्यात मारतात, मग बदली माणूस बुडतो आणि महत्त्वाचंही राहतं. काय होणार नाही हे आधी कळलं की मला समोरच्यांना तसं सांगता येतं.

गणिताचा_सर

'विनंती' शब्दच नाही कुठे! निदान सुरुवातीला 'रजा मंजूर व्हावी ही विनंती' घाला. उद्धट वाटतं.

सरळसोट

पॉलिसीत हक्काची रजा आहे, विनंती कसली? शेवटचं वाक्यसुद्धा मी काढलं असतं.

दोनदा_बाबा

शेवटचं वाक्य ठेवा. घाबरट माणसाला उत्तर द्यायला तारीख दिली नाही तर तो मेसेज वाचून बाजूला ठेवतो आणि गप्प बसतो. मग आपण समजतो होकार, आणि तो समजतो विषय अजून चालू आहे. 'विनंती'बद्दल म्हणाल तर तुमच्या ऑफिसची जी रीत असेल ती. त्या शब्दाने रजा वाढत नाही की कमी होत नाही.

एक मात्र करा. दाखल झाल्यावरचा तो एका ओळीचा मेसेज आत्ताच लिहून ड्राफ्टमध्ये ठेवा. मी रात्री तीन वाजता टाइप केला होता. सकाळी बघितलं तर तो बॉसऐवजी गॅसवाल्याला गेलेला. त्याने उत्तरही दिलं होतं, "अभिनंदन, सिलिंडर उद्या मिळेल."

शेवटचा_बाक

या धाग्यावरचा सर्वोत्तम हॅंडओव्हर.

कोरी_पाटी

पहिली तालीम झाली. फोन ड्रॉवरमध्ये, तोंड बंद. मीनल चार वेळा माझ्याकडे वळली. दोन जागा अपेक्षित होत्या. तिसरी म्हणजे फाइलमधली तारीख. मी ती दर वेळी हाताने बदलतो, नाहीतर बँक फाइल परत पाठवते, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. चौथी म्हणजे एक पुरवठादार, ज्याचं बिल महिनोन् महिने 'मी बघतो' म्हणून बाजूला ठेवलंय. का ठेवलंय ते मलाच आठवेना. दुसऱ्या गुरुवारी ती एकदाच वळली, तेही कॉफी घेणार का विचारायला.

सरांचं उत्तर शुक्रवारीच आलं. पहिला तुकडा मान्य. दुसऱ्याबद्दल लिहिलंय, "महिनाअखेर टाळता आली तर बघा."

सरळसोट

'टाळता आली तर बघा' म्हणजे मंजूर नाही. लेखी स्पष्ट करून घ्या.

खुर्चीवरून

किंवा म्हणजे तारखा कळल्याशिवाय त्यांना हो म्हणता येत नाहीये. दोन आठवडे आधी सांगणार असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा सांगा आणि महिनाअखेर खरंच टाळता येते का बघा. तीन महिन्यांची मुदत तेवढी चुकवू नका, ती सरांच्या हातात नसते.

सरळसोट

तुम्ही खुर्चीवरून बोलताय, मी बाकावरून.

कोरी_पाटी

मंडळी, मुलगी झाली! ९ नोव्हेंबर, रविवारी पहाटे. ८ ला रात्री दाखल झालो. ड्राफ्टमधला मेसेज गेला, आणि सरांनाच गेला. शनिवार-रविवार सुटीचे, म्हणून कामाचे पाच दिवस १० ते १४ असे धरले. गुरुवारची पेमेंट मीनलने चढवली. संध्याकाळी सहाला तिचा मेसेज आला, "झालं. उत्तर नको."

पाच दिवसांत फोन एकच आला, तो दुसऱ्याच विभागातून. ज्यांना हा मेसेज गेलाच नव्हता त्यांच्याकडून, प्रवासखर्चाच्या बिलासाठी. उचलला नाही, पण वाजला तेव्हा ती नुकतीच झोपली होती.

चष्मिष

अभिनंदन! माझ्या यादीत भर घातली: रजेची खबर शेजारच्या विभागांनाही. मेलवर स्वयंउत्तर लावलं होतंत का?

कोरी_पाटी

लावलं होतं. पण त्यांनी मेल केलाच नाही, थेट फोन केला.

दप्तरदिरंगाई

अभिनंदन! आता जन्माचा दाखला किंवा डिस्चार्जचा कागद एचआरला लागेल, पोर्टलवर चढवायची मुदत बघून ठेवा. माझा मित्र विसरला, तर त्याची रजा बिनपगारी दाखवली गेली. ती दुरुस्त होऊन यायला दोन पगार गेले.

पाळीवाली_ताई

खूप आनंद झाला. वजन दाखवून आणलंत ना? आणि दुसरा तुकडा कधी?

कोरी_पाटी

आणलं ताई, सगळं ठीक आहे. दुसरा तुकडा अजून ठरायचाय. मी १५ डिसेंबरचा आठवडा म्हणतोय, महिनाअखेरही टळते. पण मीनल म्हणते त्या आठवड्यात ती स्वतः रजेवर आहे, आणि तिने ती माझ्या आधी टाकलीय.